मॅनेजरची एचआरकडे तक्रार करायचीय, तर कागदावर काय उतरवायचं?

प्रश्न : "बेळगावच्या उद्यमबागेत एका कंपनीत क्वालिटीला आहे. मॅनेजर सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलतो, पंच आउट झाल्यावर परत आत बोलावतो. एचआरला मेल करायचाय पण नाव फुटलं तर? काय लिहू, कसं लिहू?"

मेल उघडायच्या आधी घरात बसून वहीत उतरवून काढा, तारीखवार. मी अशा तक्रारी टेबलाच्या पलीकडं बसून वाचलेल्या आहेत, म्हणून सांगतो. "साहेब फार त्रास देतात, वागणूक बरोबर नाही" असं आलं की एचआरला वाईट वाटतं पण करता कायच येत नाही, कारण कुणाला काय विचारायचं हेच कळत नाही. त्यापेक्षा हे बघा, नमुना म्हणून, तारखा-वेळा तुमच्या घाला :

"१४ जुलै, दुसरी शिफ्ट. १०:३४ ला पंच आउट केलं. दहाएक मिनिटांनी साहेबांचा फोन आला, परत आत बोलावलं. फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावर रिजेक्शनचा लॉट पुन्हा मोजायला लावला. साडेबाराला गेटबाहेर पडलो. त्या महिन्याच्या पगारात ओव्हरटाइम नाही. लाइनवरचे दोघं हजर होते."

यात तुमचं मत कुठंच नाही आणि प्रत्येक ओळ तपासता येते. पंचिंगचं रेकॉर्ड, सिक्युरिटीचं रजिस्टर, तुमच्या मोबाइलातला कॉल, पगाराची स्लिप, सगळं एकमेकाला जुळतं की नाही ते एचआर दहा मिनिटात बघू शकतं. तुम्ही कामगारात मोडत असाल तर ओव्हरटाइमचा दर कायद्यानं दुप्पट आहे, त्यामुळं ही नुसती वागणुकीची गोष्ट राहत नाही, कंपनीच्याच अंगाशी येणारी होते आणि तिची दखल लवकर घेतली जाते. आणखी एक, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग थोड्या दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून जी घटना ताजी आहे तिचं फुटेज जपून ठेवा अशी विनंती त्याच कागदात घाला. अशा तीन-चार घटना बास होतात हो, वीस लिहिल्या तर चांगली घटना कचऱ्यात हरवते.

बोलणं लिहिताना "अपमान केला" असं लिहू नका, जे शब्द वापरले तेच लिहा, कन्नडमध्ये बोलले असतील तर कन्नडमधलेच, शिवी असली तरी शिवी. नेमकं आठवत नसेल तर "साधारण असं म्हणाले" एवढंच.

आता आपल्या भागातली अडचण. इथं कुठलंही भांडण भाषेवर जायला वेळ लागत नाही, आणि जेवणाच्या सुट्टीत कोणतरी म्हणणारच की साहेब कन्नड आहेत म्हणून आपल्या पोरांना त्रास देतात. साहेब भाषेवरूनच काय बोलले असतील तर ते शब्द तारखेसकट जरूर लिहा. पण तसं नसेल तर त्या कागदात सीमावाद आणूच नका, कारण मग साहेबांना उत्तर द्यायला सोपं जातं, पंच आउटचा विषय बाजूला पडतो आणि तुम्हीच भाषेचं राजकारण करता असं चित्र होतं. कन्नड पोरांनाही ते असंच थांबवत असतील तर ते आवर्जून लिहा, मुद्दा पक्का होतो.

नाव फुटायचं म्हणाल तर शंभर टक्के गुप्त कुणीच ठेवू शकत नाही. चौकशीत साहेबांना घटना सांगाव्याच लागतात आणि १४ जुलैला कोण होतं ते त्यांना माहीत आहे. म्हणून पहिल्या मेलमध्ये घटना घालूच नका, एचआरमधल्या एकाच माणसाच्या नावानं "गोपनीय विषयावर भेटायचं आहे" एवढंच पाठवा, ग्रुप आयडीवर नको, कुणाला सीसी नको. भेटलात की आधी विचारा, हा कागद कोण कोण वाचणार आणि साहेबांना दाखवायच्या आधी मला कळवणार का. मगच कागद द्या. साक्षीदारांकडून सह्या गोळा करत फिरू नका, बातमी तिथूनच फुटते, "हजर होते" एवढं पुरे, विचारायचं काम एचआरचं. आणि कंपनीचे रिपोर्ट, शीट स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, चांगल्या तक्रारी त्यात अडकलेल्या बघितल्यात, साहेब राहतात बाजूला आणि डेटा बाहेर नेला म्हणून तुम्हालाच नोटीस. कुठलं रेकॉर्ड बघायचं ते सांगितलं की झालं.

(कुणा ताईंचा प्रकार लैंगिक त्रासाचा असेल तर वाट वेगळी आहे, अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, आणि तिथं गुप्तता कायद्यानंच सांगितलीय.)

भेट झाली की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका, आज अमुक विषयावर बोललो, कागद दिला, पुढं अमुक तारखेपर्यंत कळवतो म्हणालात. वही मात्र बंद करू नका. त्यानंतर तुमची शिफ्ट अचानक बदलली, रजा नाकारली, अप्रेझल घसरलं, तर तेपण तारखेसकट त्यातच.