७५ किलोवॅटच्या मोटरला किती केव्हीएचा जनरेटर?

मोटर चालताना साधारण ९५ केव्हीए घेते, म्हणून १२५ चा सेट पुरेल असं वाटतं. पण अडचण चालू होतानाच्या क्षणाची आहे. थेट स्टार्टरवर १३० अँपिअरची मोटर सहापट, म्हणजे ७८० अँपिअर ओढते. ४१५ व्होल्टला हे ५६० केव्हीए झाले.

आता अल्टरनेटरच्या डेटाशीटमध्ये ट्रान्झियंट रिअॅक्टन्स बघा. तो ०.२ धरला तर ५६० × ०.२ = ११२. सेट २५० चा असेल तर ११२ भागिले (२५० + ११२), म्हणजे व्होल्टेज ३१ टक्के पडेल. एवढ्यात कॉन्टॅक्टर खडखडतात, सुटतातही. डिप २० टक्क्यांत ठेवायचा तर सुमारे ४५० केव्हीए लागतात.

एवढा मोठा सेट घेण्याआधी स्टार-डेल्टाचा विचार करा. करंट एक-तृतीयांश होतो आणि २५० च्या सेटवर डिप १३ टक्क्यांवर येतो. मात्र टॉर्कही एक-तृतीयांशच उरतो. सेंट्रिफ्युगल पंप डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून उचलला जाईल, भरलेला क्रशर नाही. मोटर स्टारमध्ये जवळपास पूर्ण वेगाला पोचली नाही, तर डेल्टात जाताना पुन्हा मोठा झटका बसतो. टायमर घाईने लावू नका.