पानिपत आणि खुर्द्याची गणती

प्रश्न: मी पानिपतावर एक दीर्घकथा लिहीत आहे. रक्ताचे पाट, तुटलेली मुंडकी असले काही न लिहिता त्या संहाराची भीषणता वाचकापर्यंत कशी पोहोचवावी?

उत्तर: पानिपताची बातमी नानासाहेब पेशव्यांना ज्या पत्रातून कळली असे सांगितले जाते, ते पत्र आधी समोर ठेवावे. जानेवारी १७६१ मध्ये पेशवे फौजेनिशी उत्तरेकडे निघालेले असताना सावकारांचे पत्र घेऊन चाललेला एक जासूद वाटेत त्यांच्या माणसांच्या हाती लागला. त्या पत्रातला मजकूर मराठी घरांत शाळेपासून पाठ असतो: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. मोहरांचा आकडा निरनिराळ्या पाठांत निराळा आढळतो; आपल्या कामाला त्याने फरक पडत नाही.

मोत्ये कोणती हे सांगण्याची गरज नव्हती. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ हे वाचणाऱ्याने मनातच ओळखायचे होते. मोहरा म्हणजे सरदार, आणि त्या निदान मोजता आल्या. तिसऱ्या वाक्यात मात्र लेखणी अडते. ज्या माणसाचा दिवस कीर्द लिहिण्यात जातो, दमडीचा मेळ बसेपर्यंत ज्याला दिवा मालवता येत नाही, तो ‘गणती नाही’ असे लिहितो, तेव्हा त्याने काय ऐकले असेल याचा अंदाज आपल्याला येतो आणि अंगावर काटा येतो. त्याने ‘असंख्य वीर धारातीर्थी पडले’ असे लिहिले असते तर ते वाक्य आपण केव्हाच विसरलो असतो. भीषणता विशेषणात नाही; ती एका सरावलेल्या हाताला आपले रोजचे काम पुरे करता आले नाही, यात आहे.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की रणांगण ज्याच्या नजरेतून दाखवायचे त्याला एक नेमका व्यवसाय द्यावा आणि त्या व्यवसायाच्याच शब्दांत त्याला बोलू द्यावे. दाणागोट्याचा हिशेब ठेवणारा कारकून, नालबंद, पखालजी, यांपैकी कोणीही चालेल. नालबंद घोड्यांची संख्या सांगेल; माणसांविषयी तो काहीच बोलत नाही हे वाचकाच्या आपोआप ध्यानात येईल.

त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती थोडी अडचणीची आहे. साधा शिपाई, बुणगे, फौजेबरोबर तीर्थयात्रेला निघालेली माणसे, हे सगळे तिथे सुटे नाणे झाले आहेत. म्हणजे संयमित भाषा झाकूही शकते. आपली कथा जर मोत्यांभोवतीच फिरणार असेल, तर तो संयम नसून दरबारी अदब होईल. खुर्द्यातले एक नाणे उचलावे, त्याला नाव आणि गाव द्यावे, आणि गणती जिथे थांबली तिथे त्याला नेऊन ठेवावे.

मी स्वतः असा एक प्रयत्न केला होता. पहिल्या खर्ड्यात लढाई होती, तोफा होत्या, आणि ती आठ पाने वाचून एका संपादकांनी एवढेच लिहून पाठवले, की हे सर्व मी पूर्वी वाचले आहे. राग आला, पण म्हणणे खरे होते. दुसऱ्या खर्ड्यात मी रणांगण पूर्ण वगळले आणि साताऱ्याकडच्या एका खेड्यात फाल्गुनात आलेला कासार घेतला. तो ओसरीवर बसून सुनेचा हात हातात घेतो आणि नेहमीप्रमाणे विचारतो, “किती भरू?” सून सासूकडे पाहते. मुलगा गेल्याची खबर नाही, आहे अशीही खबर नाही. सासू दारातूनच म्हणते, “दोन-दोन भर. बाकीच्या तो आल्यावर.” कासार दोन-दोन बांगड्या भरतो. पैसे द्यायला सासू आत जाते तेव्हा तो हलक्या आवाजात सुनेला सांगतो, “वैनी, आळीत आज सगळ्यांनी दोन-दोनच घेतल्या.” दृश्य तिथेच संपते.

पानिपताने ‘सव्वा लाख बांगडी फुटली’ असे आपण म्हणतो. ही ओळ वापरून इतकी गुळगुळीत झाली आहे, की ती लिहिली तर वाचक थांबतही नाही. माझ्या दृश्यात एकही बांगडी फुटत नाही. खरे हाल तेच होते, की कित्येक घरांना ती फोडावी की नाही हेच कळेना. खुद्द भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई रणातून वाचून परत आल्या, पण पती गेल्याचे त्यांनी मानले नाही आणि १७६३ मध्ये त्या वारल्या. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याला माणसे मिळाली, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. पंधरा वर्षांनंतरही लोक विश्वास ठेवायला तयार होते, यावरून वाट पाहणारी घरे किती असतील ते समजते.

या दृश्यात मी एक चूक केली होती, ती आपणही कराल. कासार उठल्यावर मी लिहिले होते, ‘त्या उरलेल्या बांगड्यांत साऱ्या पानिपताचा आकांत होता.’ हे वाक्य काढायला मला महिना लागला. आपल्या खर्ड्यात प्रत्येक प्रसंगाचे शेवटचे वाक्य झाकून पाहावे. बहुतेक वेळा प्रसंग त्याच्या आधीच संपलेला असतो. उलट दोषही होतो. इतके सूचक लिहिले जाते, की काय झाले तेच कळत नाही आणि वाचक कोडे सोडवत बसतो. त्याला एक ठणठणीत वस्तुस्थिती आधी, साध्या वाक्यात द्यावी: गावातून अकरा जण गेले होते, फाल्गुनापर्यंत एक परतला, आणि तो बोलत नाही. एवढे दिले, की पुढे मौन चालते.

रणांगण दाखवणे टाळता येत नसेल, तर घाव पडण्याआधीचा वेळ घ्यावा. अब्दालीच्या बाजूने उतरलेला अवधचा नवाब शुजाउद्दौला, त्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने त्या सकाळच्या मराठी फौजेचे वर्णन ठेवले आहे. उपासमारीने कावलेले लोक, दोन दिवस पोटात अन्न नाही, ते पागोट्यांची टोके मोकळी सोडून, हातातोंडाला हळद माखून मरायला बाहेर पडले. आपल्याकडे हळद अंगाला कधी लागते हे वाचकाला सांगावे लागत नाही. आपण फक्त ती कोणी कोणाला लावली, डब्यात किती उरली होती, एवढेच लिहावे.

एक बारीक गोष्ट. १४ जानेवारी म्हणून तिळगूळ आणि संक्रांत कथेत आणण्याचा मोह होईल, पण त्या शतकात संक्रांत आजच्यापेक्षा काही दिवस आधी येत असे, म्हणजे लढाईच्या दिवशी ती होऊन गेली होती. तिथी पौष शुद्ध अष्टमी, वार बुधवार. छावणीत अन्नाचा दाणा नसताना ती संक्रांत कशी गेली असेल, यावर मात्र एक परिच्छेद जरूर लिहावा.