भरलेली परत येणारी बाटली

«शाळेतून बाईंचं पत्र आलंय. कडक उन्हामुळे शाळा आता सकाळी सात ते साडेअकरा, आणि प्रत्येक तासानंतर पाण्याची सुट्टी. वाचून बरं वाटलं. पण माझी मुलगी बाटली जशीच्या तशी परत आणते. रागावले, समजावलं, तिच्या आवडीची नवी बाटलीही घेतली. घरी आल्यावर डोकं दुखतं म्हणून पडून राहते. बाई म्हणतात, आम्ही रोज सांगतो, तीच पीत नाही. मी काय करू?»

बाटली भरलेली परत आली की मी मुलाला पाण्याबद्दल विचारतच नाही. शाळेतल्या शौचालयाबद्दल विचारते. माझ्याकडे उन्हाळ्यात येणाऱ्या अशा मुलांपैकी बऱ्याच जणांची गोष्ट तिथेच उलगडते. त्यातली एक तुम्हाला सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी नऊ वर्षांची. अभ्यासात नीटनेटकी, बोलायला थोडी हळू. आई तिला घेऊन आली ती ‘हट्टी झाली आहे’ या तक्रारीने. शाळेतून आल्यावर चिडचिड, डोकेदुखी, जेवायला नको. लघवी गडद पिवळी होत असल्याचं आईच्या लक्षात आलं होतं, पण तिने ते उन्हाच्या खात्यावर टाकलं होतं. मी मुलीला ‘पाणी का पीत नाहीस?’ असं विचारलं नाही. त्या प्रश्नाला ‘तहान लागत नाही’ हे एकच उत्तर येतं, आणि ते पूर्ण खोटंही नसतं; मुलं कशात गुंतली की त्यांना तहान उशिरा जाणवते. त्याऐवजी मी म्हटलं, शाळेच्या फाटकातून आत आलीस की घरी निघेपर्यंत काय काय होतं ते मला क्रमाने सांग.

ती सांगत गेली. सुट्टीची घंटा झाली की सगळ्या मुली एकदम बाथरूमकडे पळतात. सुट्टी पाच मिनिटांची, रांग मोठी. दोनपैकी एका दाराची कडी लागत नाही, म्हणून मैत्रिणीला दार धरून उभं राहावं लागतं. एकदा मैत्रीण निघून गेली आणि दार उघडलं. तासाला मध्येच जायचं तर सगळ्यांसमोर उभं राहून विचारावं लागतं, आणि ‘आत्ताच तर सुट्टी झाली’ असं ऐकावं लागतं. मग तिने स्वतःपुरता तोडगा काढला होता: सकाळी घरून जाऊन यायचं आणि परत येईपर्यंत काही प्यायचं नाही. नऊ वर्षांच्या मुलीने तिच्या परीने अगदी व्यवस्थित हिशेब केला होता. त्याला हट्ट म्हणणं मला आजही जड जातं.

फक्त हिशेबातला एक आकडा चुकला होता. तिला वाटायचं, पाण्याचा प्रत्येक घोट म्हणजे एक खेप. मी कागदावर चित्र काढलं. तिच्या वयाच्या मुलीच्या मूत्राशयात साधारण ३०० मिलीलीटर, म्हणजे दीड पेला मावतं. कडक उन्हात प्यालेल्या पाण्याचा एक भाग घामावाटे निघून जातो. शाळेच्या साडेचार तासांत थोडं थोडं करून अर्धा लीटर प्यालं, तर एकदा, फार तर दोनदा जावं लागेल. ती चित्राकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘दोनदा जमेल, पण कडी?’

कडीचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून आईच्या परवानगीने मी तिच्या वर्गशिक्षिकांना भेटले. त्यांनी पालकांना पाठवलेलं पत्र दाखवलं. मनापासून लिहिलेलं होतं, पण त्यात पाणी होतं आणि पाणी शरीराबाहेर कुठे जाणार हे नव्हतं. ‘पाल्यास भरपूर पाणी पिण्यास सांगावे’ एवढंच वाक्य. त्याचा उलटा परिणामही झाला होता. एका मुलाला वडिलांनी मोठी बाटली मधल्या सुट्टीपर्यंत संपवायचीच अशी ताकीद दिली होती. त्याने ती एका दमात प्यायली आणि वर्गातच उलटी केली. थोड्या वेळात खूप पाणी पोटात गेलं तर रक्तातलं मिठाचं प्रमाण खाली जाऊ शकतं, तेही धोक्याचंच. ‘भरपूर’ हा शब्द म्हणूनच मला अशा पत्रात नको वाटतो. किती आणि कधी, हे सांगावं लागतं.

बाईंनी ऐकून घेतलं, मुख्याध्यापकांशी बोलल्या, आणि दोन दिवसांनी नवं पत्र लिहिलं. आम्ही दोघींनी मिळून ते दोनदा खोडलं. शेवटी पालकांकडे गेलं ते असं:

‘प्रिय पालक,

उन्हाची लाट ओसरेपर्यंत शाळा सकाळी ७ ते ११:३० भरेल. हवा सर्वांत जास्त तापते ती दुपारी दोन ते चारच्या सुमारास. तोवर मुलं घरी सावलीत असावीत, हा यामागचा हेतू आहे. मैदानावरचे खेळ आणि प्रार्थनेसाठी उन्हात उभं राहणं बंद केलं आहे.

८, ९, १० आणि ११:१५ वाजता आम्ही सगळे एकत्र पाणी पिऊ. मीही मुलांबरोबर पिणार आहे. एका वेळी साधारण अर्धा पेला पुरेसा आहे. बाटली संपवायची सक्ती किंवा स्पर्धा नाही. ११:१५ चं पाणी चुकवू नये, कारण घरी चालत जायचा रस्ता त्यानंतर येतो आणि तेव्हा ऊन जवळपास डोक्यावर असतं.

बाथरूमला जायला घंटेची वाट पाहायची नाही आणि मोठ्याने विचारायचंही नाही. माझ्या टेबलावर दोन हिरवी कार्डं आहेत. एक उचलायचं, जाऊन यायचं, परत ठेवायचं. तुटलेली कडी दुरुस्त केली आहे.

मुलाला मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल किंवा रोजचं औषध चालू असेल तर मला चिठ्ठीने कळवा. किती पाणी, हे त्यांच्या बाबतीत डॉक्टरच ठरवतील. ताप, उलट्या किंवा जुलाब असतील त्या दिवशी शाळेत पाठवू नका.

शाळा लवकर आहे, म्हणून मुलांना रात्री लवकर झोपवा आणि उपाशीपोटी पाठवू नका.

डोकेदुखी, चक्कर, मळमळ किंवा पायात गोळे आल्यास आम्ही मुलाला सावलीत बसवून, ओल्या कपड्याने अंग पुसून, घोट घोट पाणी देऊ आणि तुम्हाला फोन करू. मूल असंबद्ध बोलू लागलं, शुद्ध हरपली किंवा झटके आले तर आधी रुग्णवाहिका बोलावू आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहू. अशा वेळी तोंडाने काहीही देणार नाही. तुम्हाला फोन त्यानंतर येईल, हे कृपया समजून घ्यावे.’

शेवटच्या वाक्यावर बाई अडखळल्या होत्या. पालक घाबरतील, असं त्यांना वाटत होतं. मी ते ठेवायचा आग्रह धरला. उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदूवर परिणाम व्हायला लागतो. तिथे पहिली काही मिनिटं मूल थंड करण्यात गेली पाहिजेत, फोनवर समजूत घालण्यात नाही. आणि अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही, असंही धरून चालत नाही. बोलणं-वागणं बिघडलं आहे का, ते बघायचं.

उपाशीपोटीचं वाक्यही माझ्याच सांगण्यावरून आलं. वेळ सकाळची झाली की पहिला बळी न्याहारीचा जातो. मग नऊ वाजता चक्कर आलेल्या मुलाला ऊन लागलं असं सगळे समजतात. रात्री उकाड्याने झोप मोडलेली असते, तीही त्यात मिसळते.

आता त्या मुलीचं काय झालं ते. पहिले तीन दिवस काहीच नाही. बाटली भरलेलीच येत होती आणि आईचा मला रोज फोन. मी आईला एकच गोष्ट थांबवायला सांगितली: दारातच बाटली तपासणं. मुलगी घरात पाऊल टाकते आणि तिच्या आधी बाटलीची चौकशी होते, हे तिला परीक्षेसारखं वाटत होतं. त्याऐवजी लघवीचा रंग बघायचं काम आम्ही मुलीकडेच दिलं. फिकट पिवळा म्हणजे ठीक, गडद म्हणजे घरी आल्यावर आणि संध्याकाळी थोडं जास्त. चौथ्या दिवशी तिने पहिल्यांदा हिरवं कार्ड उचललं, एका मैत्रिणीने उचललेलं पाहून. त्या दिवशी बाटली अर्धी आली. पुढच्या आठवड्यात डोकेदुखी कमी झाली आणि जेवणही सुधारलं.

मग एक दिवस बाई रजेवर होत्या. बदली आलेल्या सरांना कार्डांची कल्पना नव्हती. ‘हे काय, कोणाला विचारून चाललीस?’ एवढं ते म्हणाले आणि बाटली पुन्हा दोन दिवस भरलेली आली. बाईंनी परतल्यावर कार्डांची सूचना फळ्याशेजारी लिहून लावली, म्हणजे कोणीही तासाला आलं तरी ती दिसेल. खरं तर हे पहिल्याच दिवशी आमच्या लक्षात यायला हवं होतं.

तुमच्या मुलीलाही आज संध्याकाळी, ती विसावल्यावर, शाळेचा दिवस क्रमाने सांगायला सांगा आणि मध्ये सुचवू नका. रांग, कडी, वास, कोणाचं तरी हसणं, यातलं काही निघालं तर बाईंना चिठ्ठी द्या. ‘मुलगी पाणी पीत नाही’ असं न लिहिता लिहा: ‘तिला मध्येच बाथरूमला जायला संकोच वाटतो, न विचारता जाता येईल अशी खूण ठरवता येईल का?’ पहिल्या वाक्याचं बाईंना काय करायचं ते कळत नाही, दुसऱ्याचं कळतं. घरून निघण्यापूर्वी अर्धा पेला आणि परत आल्यावर एक पेला हळूहळू, एवढं तुमच्या हातात आहे.

शौचालयाचं काहीच निघालं नाही तर बाटलीचा वास, कोमट झालेलं पाणी, न उघडणारं झाकण हेही बघून घ्या. लघवीला जळजळ, ताप, पोटदुखी किंवा कपडे ओले होणं सुरू झालं असेल तर मात्र माझ्याकडे येण्याआधी डॉक्टरांकडे जा. लघवी रोखून धरणाऱ्या मुलींना जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठता दोन्ही लवकर होतात. पाणी आणि विश्रांती देऊनही डोकेदुखी संध्याकाळपर्यंत उतरली नाही, तरीही डॉक्टरांकडेच जा.