सोमवारची डोकेदुखी

"मुलगी अकरावीत आहे. रात्री एक-दीडपर्यंत मोबाईल, सुट्टीच्या दिवशी अकरापर्यंत झोप. आठवड्यातून तीनदा तरी डोकं दुखतं म्हणते. डोळे तपासले, नंबर नाही. काय करावं?"

माझ्या मुलाचं दहावीच्या वर्षी हेच सुरू होतं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, महिनाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहा : कधी झोपला, कधी उठला, डोकं दुखलं का. गोळी घेतली तर फुली मारा.

चार आठवड्यांनी पाहिलं, तर चारही सोमवारच्या चौकोनांत "दुखलं". शनिवारी रात्री दोनला झोपून रविवारी अकराला उठायचा आणि सोमवारी शाळेसाठी सहाला. मायग्रेनकडे कल असलेल्या मुलांना अपुऱ्या झोपेइतकाच हा वेळेचा गोंधळही बाधतो. त्यात उठायला उशीर झाला की नाश्ता बुडतो, आणि रिकाम्या पोटीही डोकं धरतंच.

आम्ही आधी चुकलो. दहा वाजता मोबाईल काढून घेतला, तर पोरगा एकपर्यंत नुसता कूस बदलत पडायचा. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन मुळातच उशिरा स्रवतं, शिवाय त्याला एकची सवय लागलेली. म्हणून सुरुवात उठण्यापासून केली. रोज सहा, रविवारी फार तर सात. उठल्याबरोबर गॅलरीत उजेडात दहा मिनिटं, मग पोटभर नाश्ता. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर नाही. झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी पाव तास अलीकडे आणली. एकवरून दहावर यायला दीड महिना लागला. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, म्हणजे सहाला उठणाऱ्याने दहाला झोपायलाच हवं.

मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला, आमचे दोघांचेही. ह्यांचा फोन उशाशी राहिला असता तर त्याने ऐकलं नसतं. गजराचं साधं घड्याळ आणलं, कारण "अलार्मसाठी लागतो" हे त्याचं पहिलं उत्तर होतं. क्लासच्या नोट्स ग्रुपवर रात्री अकराला यायच्या, त्या सकाळी बघायच्या असं ठरलं. पहिले आठ दिवस घरात रोज भांडण झालं. तिसऱ्या महिन्यात कॅलेंडरवर "दुखलं" दोनदाच होतं.

फुल्या मात्र नीट मोजा. पॅरासिटामॉलसारखी साधी गोळीसुद्धा महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, अशी काही महिने घेतली, तर त्या गोळीमुळेच डोकं दुखत राहतं. तुमच्याकडे आठवड्याला तीनदा दुखतंय, म्हणजे प्रत्येक वेळी गोळी घेतली तर महिन्याला बारा-तेरा होतात. कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे एकदा जाऊनच या. आणि दुखण्याने झोपेतून जाग येत असेल, सकाळी उलटी होत असेल, एकाचे दोन दिसत असतील, दुखणं दिवसेंदिवस वाढत असेल, तर महिनाभर लिहीत बसू नका, लगेच दाखवा. अचानक असह्य दुखलं, तापाबरोबर मान ताठरली किंवा हातापायातली ताकद गेली, तर थेट हॉस्पिटल गाठा.