जनाज्याची नमाज : वाकणे नाही, तरी नमाज का?

प्रश्न : बातम्यांत नेहमी ‘जनाज्याची नमाज अदा करण्यात आली’ असे वाचतो. परवा शेजारच्या चाचांच्या मयतीला गेलो, तर सगळे रांगेत नुसते उभे होते. कुणी वाकले नाही, कुणी कपाळ टेकले नाही, दोन-चार मिनिटांत संपले. मग तिला नमाज का म्हणतात? उभ्याउभ्या मनात काय म्हणतात? आणि ती पढवायला मौलानाच लागतात का?

उत्तर : ‘नमाज’ हा शब्द फारसी. अरबीत ‘सलात’ म्हणतात आणि या प्रार्थनेचे नाव आहे ‘सलातुल जनाजा’. सलातचा मूळ अर्थच दुआ, म्हणजे प्रार्थना. रोजच्या पाच नमाजांत त्या दुआभोवती रुकू (कमरेतून वाकणे), सजदा (कपाळ टेकणे), बसणे असा सगळा क्रम बांधलेला आहे. जनाज्याच्या नमाजेत त्यातले फक्त कयाम, म्हणजे उभे राहणे, ठेवलेले आहे. तरीही ती नमाजच, कारण बाकीच्या अटी जशाच्या तशा लागू आहेत. वजू, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन शुद्ध होणे, लागतो, तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केतल्या काबाच्या दिशेला, लागते, कपडे आणि जागा पाक लागते, मनात नीयत लागते. मृतदेह समोर ठेवलेला असताना वाकले किंवा कपाळ टेकले, तर नमन मृताला केल्यासारखे दिसेल, म्हणून रुकू-सजदा नाही, असे कारण उलमा, म्हणजे धर्मपंडित, देतात. हिला अजान नाही, नमाज सुरू होण्याआधीची इकामतही नाही.

तुम्हाला कानावर फक्त चार वेळा ‘अल्लाहु अकबर’ आणि शेवटचा सलाम आला असेल. तेवढेच मोठ्याने म्हणतात, बाकी सारे ज्याचे त्याने ओठांतल्या ओठांत. या चार तकबिरी हा नमाजेचा कणा आहे आणि त्यांच्या मधल्या जागांत काय म्हणायचे हे ठरलेले आहे. ते सगळीकडे एकसारखे मात्र नाही. आपल्याकडे पुणे, सोलापूर, मराठवाडा, खानदेश इथले बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी मजहबचे, म्हणजे धर्मशास्त्राच्या हनफी परंपरेचे, तर रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान शाफई. म्हणून महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रातच दोन रिती भेटतात.

हनफी रीत अशी. उभे राहताना उर्दूतून नीयत म्हणायची सवय पुष्कळांना असते : ‘नीयत करता हूँ मैं नमाज-ए-जनाजा की, चार तकबीरों के साथ, सना वास्ते अल्लाह के, दरूद वास्ते रसूल के, दुआ वास्ते इस मय्यत के, पीछे इस इमाम के.’ मनात आणले तरी पुरते, पण या एका वाक्यात पुढचा सगळा क्रम आलेला आहे. पहिल्या तकबिरीला हात कानांपर्यंत नेऊन बांधायचे आणि सना म्हणायची, म्हणजे रोजच्या नमाजेतले ‘सुब्हानकल्लाहुम्म व बिहम्दिक’. या नमाजेत तिच्यात ‘व जल्ल सनाउक’ (तुझी स्तुती थोर आहे) एवढी भर घालतात. दुसऱ्या तकबिरीनंतर दरूद, म्हणजे पैगंबरांसाठीची दुआ : ‘अल्लाहुम्म सल्लि अला मुहम्मदिन...’ इथला ‘सल्लि’ सलातच्याच धातूतला. तिसरीनंतर मृतासाठी दुआ, चौथीनंतर उजवीकडे आणि डावीकडे सलाम. हात फक्त पहिल्या तकबिरीला उचलायचे. प्रत्येक तकबिरीला मान वर करून आभाळाकडे पाहणारे लोक तुम्हाला दिसले असतील. ती पडलेली सवय आहे, रीतीत तिला जागा नाही.

शाफई रीतीत पहिल्या तकबिरीनंतर सनेऐवजी सूरह फातिहा पढतात, आणि ती पढल्याशिवाय नमाज होत नाही. प्रत्येक तकबिरीला हात उचलतात. चौथीनंतर लगेच सलाम न फिरवता आणखी एक छोटी दुआ म्हणतात : ‘अल्लाहुम्म ला तहरिम्ना अज्रहू व ला तफ्तिन्ना बअ्दहू’. म्हणजे याच्या पुण्याला आम्हाला मुकवू नकोस आणि याच्यामागे आम्हाला कसोटीत पाडू नकोस.

तिसऱ्या तकबिरीनंतरची दुआ मराठी माणसाने एकदा सावकाश वाचावीच : ‘अल्लाहुम्मग्फिर लिहय्यिना व मय्यितिना, व शाहिदिना व गाइबिना, व सगीरिना व कबीरिना, व जकरिना व उन्साना’. हे अल्ला, आमच्यातल्या जिवंतांना आणि मृतांना, हजर असलेल्यांना आणि नसलेल्यांना, लहानांना आणि मोठ्यांना, पुरुषांना आणि स्त्रियांना क्षमा कर. यातल्या ‘हय्य’च्या धातूतून आपले ‘हयात’ आले, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला आठवा. ‘मय्यित’ म्हणजे पंचनाम्यातला ‘मयत इसम’ आणि वारस नोंदीतला ‘मयत खातेदार’. ‘गाइब’ म्हणजे आपले गायब. ‘कबीर’ तर संतकवीच्या नावामुळे घरोघरी ठाऊक. पुढचे वाक्य : आमच्यातल्या ज्याला जिवंत ठेवशील त्याला इस्लामवर ठेव आणि ज्याला वफात देशील त्याला ईमानावर दे. तिथल्या ‘तवफ्फैतहू’मध्ये ‘वफात’ लपलेला आहे. नमाज एका माणसासाठी, पण मागणे सगळ्यांसाठी, आणि त्यातही जिवंतांचे नाव मृतांच्या आधी. मला या दुआतले सगळ्यात मोलाचे हेच वाटते.

ती सगळ्यांसाठी असल्यामुळेच तिचे शब्द पुरुषाच्या मयतीला आणि बाईच्या मयतीला तेच राहतात. इथे एक चूक बऱ्याचदा होते. मयत बाईची आहे म्हणून काही जण ‘अह्ययतहू’चे ‘अह्ययतहा’ करतात. पण तो ‘हू’ समोरच्या मृताचा नाहीच. तो त्याच वाक्यातल्या ‘मन’चा, म्हणजे ‘जो कोणी’चा आहे, म्हणून बदलत नाही. शाफईंच्या चौथ्या तकबिरीनंतरच्या दुआत मात्र ‘अज्रहू, बअ्दहू’ हे थेट मृताबद्दल आहे, तेव्हा बाईसाठी तिथे ‘अज्रहा, बअ्दहा’ म्हणतात.

मूल गेले असेल तर हनफी लोक दुआच बदलतात, कारण मुलाच्या खात्यावर गुन्हा नसतो आणि क्षमा मागायची तर कशाची? मुलासाठी म्हणतात, ‘अल्लाहुम्मज्अल्हु लना फरतन’, मुलीसाठी ‘अल्लाहुम्मज्अल्हा लना फरतन’. काफिला वाळवंटातून चालला असता जो पुढे जाऊन पाणवठा गाठतो आणि मागून येणाऱ्यांसाठी दोर-बादली, हौद तयार ठेवतो, तो अरबीत फरत. या मुलाला आमच्यासाठी असा पुढे गेलेला कर, आमच्यासाठी शिफारस करणारा कर, असे आईबाप मागतात. मयत कुणाची हे मागच्या रांगांना कळावे, म्हणून नमाजेआधी कुणीतरी पुकारतो, ‘मय्यत बालिग मर्द की है’, म्हणजे मयत वयात आलेल्या पुरुषाची आहे. तुम्ही ते ऐकले असेल तर त्याचे कारण हे.

आता पढवायचे कोणी. मौलानाच हवेत असे अजिबात नाही. ज्याला नमाज नीट येते असा कोणीही जाणता पुरुष इमाम होऊ शकतो. प्रश्न उरतो तो पहिल्या हक्काचा, आणि तिथे दोन मजहब वेगळे बोलतात. हनफी फिकहमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रात, आधी राज्यकर्ता किंवा त्याचा प्रतिनिधी, मग काजी, मग मोहल्ल्याच्या मशिदीचा इमाम, आणि त्यानंतर मृताचा वली, म्हणजे सर्वात जवळचा नातलग. (‘त्याला कोणी वाली नाही’ म्हणतो तो वाली याच धातूचा.) मोहल्ल्याच्या इमामाचा मान आधी का, तर मृत हयातीत त्याच्याच मागे नमाज पढत होता. शाफईंत वलीच पहिला. दोन्हीकडे वलींमध्ये बाप मुलाच्या आधी येतो. बापाची दुआ अधिक कळकळीची, अधिक कबूल होणारी मानतात. नवऱ्याचा क्रम नातलगांनंतर लागतो हे अनेकांना ठाऊक नसते. मृताने ‘माझी नमाज अमक्याने पढवावी’ अशी वसीयत केली असली, तरी या दोन्ही मजहबांत ती वलीवर बंधनकारक नाही. त्याने परवानगी दिली तर चालते.

समजा, खेडचा एक शाफई माणूस पुण्यात नोकरीला असताना वारला. म्हातारे वडील हयात आहेत, मुलगा तिशीचा आहे, मोहल्ल्याची मशीद हनफी. इमाम पुढे होण्याआधी वडिलांना विचारतात, ‘इजाजत है?’ वडिलांच्या शाफई रीतीने हक्क त्यांचा. त्यांना वाटले तर ते स्वतः पढवतील, मुलाला सांगतील किंवा इमामांना हो म्हणतील. त्यांनी हो म्हटले. मग इमाम हनफी रीतीने मृताच्या छातीसमोर उभे राहतात. शाफई इमाम असता, तर पुरुषाच्या डोक्यापाशी आणि बाईच्या कमरेपाशी उभा राहिला असता. मागे शक्यतो तीन रांगा धरतात, माणसे थोडी असली तरी. मुलगा पहिल्या तकबिरीनंतर मनात फातिहा पढतो, प्रत्येक तकबिरीला हात उचलतो, चौथीनंतर ‘ला तहरिम्ना’ म्हणून मग सलाम फिरवतो. शेजारी उभ्या असलेल्या हनफी मित्राने सना म्हटलेली असते. दोघांची नमाज एकाच इमामामागे पुरी होते, कारण ऐकू येणारा भाग दोघांचा एकच आहे.

त्याचा एक चुलतभाऊ धावत आला, तेव्हा दोन तकबिरी होऊन गेल्या होत्या. तो हनफी असेल तर इमामाच्या पुढच्या तकबिरीची वाट पाहून तिच्याबरोबर सामील होतो आणि सलामानंतर, जनाजा उचलायच्या आत, राहिलेल्या दोन तकबिरी म्हणून घेतो. शाफई असेल तर थांबत नाही, आल्याआल्या तकबीर म्हणून आपल्या क्रमाने फातिहापासून सुरू करतो आणि सलामानंतर उरलेले पुरे करतो.

त्याच दिवशी खेडच्या मशिदीत गावकऱ्यांनी नमाज पढली तर ती ‘गायबाना नमाज’, मृतदेह समोर नसताना पढलेली. शाफईंत ती चालते. हबशाचा राजा नज्जाशी वारल्याचे कळल्यावर पैगंबरांनी मदीनेत चार तकबिरींनी त्याची नमाज पढवली, हा त्यांचा आधार. हनफी ती घटना खास त्या राजापुरती मानतात आणि गायबाना नमाज पढत नाहीत.

लिहिताना सोपे ठेवावे : लोकांनी नमाज ‘पढली’, इमामांनी ‘पढवली’. ‘अदा केली’ बरोबर आहे, पण त्यात पढवणारा कोण हे कळत नाही.