तासाचे तुकडे केले, तरी धडा का झाला नाही?

प्रश्न: सर, मी बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. व्हिडिओ एडिटिंग स्वतःच शिकलो. एका ऑनलाइन क्लासने 90 मिनिटांच्या लाइव्ह तासाचं रेकॉर्डिंग दिलं, मी त्याच्या पाच-पाच मिनिटांच्या 18 क्लिप करून दिल्या. ‘मुलांना काही कळत नाही’ म्हणत त्यांनी त्या परत पाठवल्या. मला यातच करिअर करायचं आहे. कोणतं सॉफ्टवेअर शिकू?

उत्तर: डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती या कामाला पुरून उरते, तेव्हा सॉफ्टवेअरचा विषय इथेच संपवू. तू घड्याळ बघून कापलंस, म्हणून क्लिप परत आल्या.

‘व्हिडिओ सहा मिनिटांच्या आत ठेवा’ हा सल्ला तूही ऐकला असशील. फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन या संशोधकांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या व्हिडिओंचा अभ्यास 2014 मध्ये मांडला, त्यात हा आकडा आहे. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र फारसं कुणी सांगत नाही. वर्गातल्या तासाचे नुसते तुकडे केलेले व्हिडिओ, छोट्या धड्यांसाठी मुद्दाम आखून केलेल्या व्हिडिओंइतके मन लावून पाहिले गेले नाहीत.

म्हणून टाइमलाइन उघडण्याआधी पूर्ण तास ऐक आणि कोणत्या मिनिटाला कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळतं, ते कागदावर लिही. एक प्रश्न, एक क्लिप. समज, विषय रोधांच्या समांतर जोडणीचा आहे. 22व्या मिनिटाला सर सूत्र सिद्ध करतात. 26व्या मिनिटाला 6 ओहम आणि 3 ओहमचं उदाहरण घेतात, उत्तर 2 ओहम येतं. मग 41व्या मिनिटाला एक मुलगी विचारते, ‘आणखी एक रोध जोडला, तरी एकूण रोध कमी कसा होतो?’ सर सांगतात, प्रवाहाला दुसरी वाट मिळाली, म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजला जास्त प्रवाह वाहणार, म्हणजेच रोध कमी झाला. तासातला सगळ्यात चांगला भाग हाच, आणि पाच मिनिटांच्या कात्रीने तू तो नेमका चर्चेच्या गर्दीत पुरला असणार. क्लिप त्या प्रश्नाने सुरू कर, मग हे उत्तर घे आणि त्यानंतर 26व्या मिनिटाचं उदाहरण. चार-साडेचार मिनिटांत काम होतं. सूत्राची सिद्धता वेगळ्या क्लिपमध्ये जाऊ दे.

असा क्रम बदलला की फळा चुगली करतो. 41व्या मिनिटाला फळ्यावर जे लिहिलेलं आहे, ते 26व्या मिनिटाला अजून उमटलेलंच नसतं, त्यामुळे मजकूर अचानक गायब झालेला दिसतो. अशा वेळी सर जिथे लिहीत आहेत तेवढाच कोपरा मोठा करून दाखव, किंवा आवाज चालू ठेवून वर स्वच्छ स्लाइड टाक. जोडाच्या जागी सरांची मान झटक्यात हलल्यासारखी वाटते, तीही त्याच स्लाइडखाली झाकली जाते. ‘मघाशी बघितलं तसं’ किंवा ‘हे वरचं समीकरण’ अशी वाक्यं मात्र शोधून काढ. क्लिप बघणाऱ्याने ते ‘मघाशी’ पाहिलेलंच नसतं. तसं वाक्य काढता येत नसेल, तर ते समीकरण पडद्यावर लिहून दाखव.

मुलीचा प्रश्न तिच्या आवाजात ठेवू नकोस, पडद्यावर मजकूर म्हणून दे. असे आवाज बहुतेक वेळा बारीक आणि फाटलेले असतात. शिवाय तिचं नाव, चेहरा, चॅटमधला तिचा मेसेज हे तिच्या परवानगीशिवाय बाहेर जाता कामा नये.

तांत्रिक अडचण एकच सांगतो, कारण ती हमखास छळते. मीटिंगच्या रेकॉर्डिंगमध्ये फ्रेमचा वेग अनेकदा कमी-जास्त होत असतो. एडिटरमध्ये सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, तासाच्या शेवटाकडे आवाज पुढे-मागे सरकतो. असं दिसलं तर कापण्याआधी ffmpeg या कमांडवर चालणाऱ्या मोफत प्रोग्रॅमने वेग स्थिर करून घे:

```
ffmpeg -i class.mp4 -vf fps=25 -c:v libx264 -crf 18 -c:a aac class_25.mp4
```

आता करिअरचं. एडिटिंग येणारे पुष्कळ आहेत, पण ‘वाट’वालं उत्तर सिद्धतेपेक्षा मुलांच्या जास्त कामाचं आहे हे ओळखायला फिजिक्स यावं लागतं, आणि ते तुझ्याकडे आहे. सुरुवातीला आपल्या विषयाचीच कामं घे. कापण्याआधी प्रश्नांची यादी शिक्षकांना दाखवून त्यांची संमती घे, क्लिप परत येण्याचा पुढचा अर्धा त्रास तिथेच वाचतो. मोबदला क्लिपच्या संख्येवर ठरवू नकोस, मूळ रेकॉर्डिंगच्या तासावर ठरव. संख्येवर ठरवलास, तर 90 मिनिटांतून सातच चांगल्या क्लिप निघाल्या तरी तुझा हात 18 करायलाच जाईल.