सही का केली, आणि पुढे काय पाठवणार आहे

प्रश्न: सांगलीत रस्ता रुंदीकरणात झाडं जाणार म्हणून सह्यांची मोहीम चालू आहे. तुम्ही सही केलीत म्हणे. का केलीत? नुसत्या सहीने काय होतं? आणि ग्रुपवर शेअर काय करायचं?

मी सही केली ती कडुनिंबाच्या एका झाडाच्या नोंदीमुळे. रस्ता होऊ नये असं माझं म्हणणं नाही, संध्याकाळी तिथून गाडी काढणाऱ्याला ते पटणारही नाही. अकरा झाडांपैकी तीन खरंच वाटेत आहेत.

खोडावर चिकटवलेली नोटीस वाचली तेव्हा यादीत पाचव्या नंबरला होतं "जंगली झाड, 30 सेंमी, वय 20". आता ते झाड म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडावरचा कडुनिंब. शिंप्याकडची टेप आणली आणि जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे जिथे मोजतात तिथेच, खोडाभोवती गुंडाळली. घेर भरला 210 सेंमी. 30 हा व्यास धरला तरी घेर 94 च्या आसपास येतो, म्हणजे कुठूनही हिशेब लागत नाही.

एवढ्यावर अडून बसायचं कारण वयात आहे. झाडांच्या 1975 च्या कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरतात. शिवाय तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी रोपं बदल्यात लावायची. म्हणजे वय 20 लिहिलं की झाड वारशातून बाहेर आणि बदली रोपं वीस. एका चुकीच्या आकड्यात दोन्ही गोष्टी उरकतात.

पण घेरावरून वय नक्की ठरत नाही. पाणी मिळालेलं झाड भराभर जाड होतं, त्यामुळे "आम्ही मोजलं, साठ वर्षांचं आहे" असं अर्जात लिहिलं तर समोरचा सहज खोडतो. शेजारच्या काकूंनी अल्बम काढला. त्यांच्या लग्नाच्या वरातीचा 1971 चा फोटो आहे, मागे कंपाउंडच्या भिंतीच्या वर गेलेला हाच कडुनिंब. फोटोमागे स्टुडिओचा शिक्का आणि तारीख. काकू म्हणाल्या, "नवरदेवापेक्षा झाडच नीट आलंय बघा." तो फोटो म्हणजे आमचा पुरावा, कारण 1971 ला भिंतीएवढं झालेलं झाड आज पन्नाशीच्या आत असूच शकत नाही.

आता नुसत्या सहीचं. मोहीम चालवणारा पोरगा मला म्हणाला, "काका, हजार सह्या झाल्या की ओ, अजून काय पायजे?" मी म्हटलं, बाबा, ही ऑनलाइन सही म्हणजे हरकत नव्हे. नोटिशीत हरकतीला 7 दिवस दिलेत. त्या मुदतीत लेखी अर्ज द्यायचा आणि आपल्या प्रतीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घ्यायचा. सुनावणीत तीच प्रत कामाला येते. सह्यांनी लोकांचं लक्ष वेधलं जातं, हे मी नाकारत नाही. आपल्याच जिल्ह्यात मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा जुना वड 2020 मध्ये महामार्गातून वाचला, त्यात गावकरी, पर्यावरणवाले आणि ऑनलाइन सह्या सगळेच होते. पुढे तो वड कोसळला, पण रस्त्याने तरी त्याला नेलं नाही. तिथे आराखड्यात बदल झाला, कारण मागणी नेमकी होती: हे एक झाड, हा एवढा भाग सोडा.

म्हणून मी ग्रुपवर तीन गोष्टी टाकणार आहे. अकरा झाडांचा तक्ता: नोटिशीतला नंबर, खरं नाव, आम्ही मोजलेला घेर आणि टेप दिसेल असा फोटो. नोटिशीचाही फोटो, ज्यात कागद कोणत्या खोडावर आहे ते दिसतं, कारण दोन झाडांवर ती पावसात ओली होऊन गळून पडली होती. आणि अर्जाचा नमुना. त्यात प्रत्येकाने एकाच झाडाबद्दल लिहायचं: नंबर पाच, नोंद चुकीची, फेरमोजणी करा, तोपर्यंत परवानगी देऊ नका. "सगळी झाडं वाचवा" लिहिलेल्या अर्जाला एका ओळीचं उत्तर मिळतं. नंबर घालून लिहिलं की त्या नंबरचं उत्तर द्यावं लागतं.

ते रडणाऱ्या झाडाचं चित्र मी पाठवणार नाही. त्यावर "शंभर झाडांची कत्तल" लिहिलंय आणि झाडं अकरा आहेत. कुणी मोजायला आलं तर आमची खरी अकराही खोटी ठरतील.

सह्यांची यादीही पाठवणार नाही. फॉर्ममध्ये मोबाइल नंबर मागितला होता आणि ती शीट लिंक असलेल्या कुणालाही उघडत होती. मी पोराला सांगून ती बंद करायला लावली, मगच सही केली.

हरकतीची मुदत शुक्रवारी संपते. कडुनिंबाचा अर्ज मी काल दिला, शिक्का घेतला. आठ नंबरच्या पिंपळाला अजून कुणी नाही. तुमचं घर त्या बाजूला असेल तर टेप माझ्याकडे आहे.